दुकानातल्या पोरांना स्वागताचा आणि ‘दुकान बंद’चा मेसेज लावायला शिकवायला गेलो, माझाच पचका झाला

गणवेशवाला

सांगलीत आमचं शाळेच्या गणवेशाचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. पंधरा जूनला शाळा उघडतात त्यामुळे आता तीन आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि लोकांना आठवण येते ती नेमकी रात्री दहाला. “२८ ची हाफ पँट आहे का”, “पी.टी. चे बूट आले का” असले मेसेज येऊन पडतात आणि सकाळी बघेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलेलं असतं. म्हणून दुकानाच्या फोनवर व्हॉट्सअॅप बिझनेस टाकलं आणि रविवारी काउंटरवरच्या तिघांना, म्हणजे काकू आणि दोन पोरं, बसवून शिकवायला घेतलं की स्वागताचा मेसेज कसा लावायचा आणि बंद असतानाचा कसा. मी नसताना त्यांना जमलं पाहिजे हा हेतू.

Business tools मध्ये जाऊन Greeting message चालू केला, Away message चालू केला, मजकूर टाकला. काकूंनी त्यांच्या फोनवरून “हॅलो” टाकला, लगेच स्वागत आलं, टाळ्या. काकूंनी परत टाकला, काही नाही. थोरल्याने टाकला, त्याला पहिल्यांदाही नाही. रात्री घरून मी टाकला, ‘दुकान बंद’चा मेसेज नाही. सोमवारी सुट्टी, दिवसभर तिघांनी टाकून बघितलं, नाही म्हणजे नाही. मंगळवारी धाकटा म्हणतो दादा तुम्ही शिकवताना तर झालं होतं. आता काय सांगू त्याला. अॅप बिघडलंय की माझं डोकं?

शेवगाठ

पुण्यात या असल्या मेसेजची गरज नाही. दुपारी १ ते ४ मध्ये मेसेज करणाऱ्यालाच अपराधी वाटतं.

निळीटिक

सोपं आहे. अॅप काढून परत टाका, बॅकअप घ्यायला विसरू नका. आणि फोनचं नेट वगैरेचं टेन्शन घेऊ नका, पूर्वी फोन चालू लागायचा, आता चार डिव्हाइस जोडता येतात आणि फोन बंद असला तरी कॉम्प्युटरवर मेसेज येतात-जातात. दुकानातला कॉम्प्युटर चालू ठेवा की रात्रभर, बंदचा मेसेज तिथून जाईल.

चिटणीस_बी_विंग

आम्हालाही हे हवं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर नवीन भाडेकरू आला की “आपले स्वागत आहे, कचरा सकाळी ८ च्या आत” असा मेसेज आपोआप गेला पाहिजे. कुठे लावायचा ते कोणी सांगेल का? वॉचमनला सांगून थकलो.

चावीवाला

चिटणीस साहेब, हे ग्रुपसाठी नाही, ज्याने दुकानाला एकट्याने मेसेज केला त्यालाच जातं. ग्रुपसाठी वर्णन किंवा पिन करून ठेवा.

गणवेशवाले, अॅप काढू नका, काही बिघडलेलं नाही. मी नाशिकला दुकानांना हेच लावून देतो त्यामुळे चार प्रश्न विचारतो, उत्तरं द्या मग बोलू. १) दोन्ही मेसेजच्या खाली Recipients म्हणून जे आहे तिथे काय निवडलंय? २) थोरल्याचा नंबर दुकानाच्या फोनमध्ये सेव्ह आहे का? काकूंचा? ३) रात्री दुकानाचा फोन कुठे असतो? ४) तुम्ही घरून मेसेज टाकला तेव्हा त्याला एक टिक होती की दोन?

गणवेशवाला

१) Everyone not in address book. नातेवाईकांना आणि सुरतच्या पार्टीला “आपले स्वागत आहे” जायला नको म्हणून मुद्दाम. २) थोरल्याचा सेव्ह आहे. काकूंचाही होता पण त्यांनी मागच्या महिन्यात नवं सिम घेतलंय, तो नाही केलेला. ओह. ३) गल्ल्यात. वडील साडेआठला मेन स्विच पाडतात, शॉर्टसर्किटची भीती, तीस वर्षांची सवय आहे. फोन चार्जिंगला लावून जातो पण मेन बंद म्हणजे वायफायही बंद. सिम आहे पण डेटाचा पॅक मारलेला नाही. सोमवारी फोन दिवसभर तसाच. ४) एक. सकाळी दुकान उघडल्यावर दोन झाल्या.

चावीवाला

मग सगळं तुमच्याच उत्तरात आलं.

थोरला सेव्ह आहे आणि तुम्ही सांगितलंय की सेव्ह नसलेल्यांनाच पाठव, म्हणून त्याला कधीच जाणार नाही. तुम्हाला आणि धाकट्यालाही नाही, तुमचेही नंबर असतीलच. काकूंना गेलं कारण नवं सिम अनोळखी आहे. आणि काकूंना दुसऱ्यांदा का नाही गेलं, तर स्वागताचा मेसेज पहिल्यांदा बोलणाऱ्याला जातो, आणि परत तेव्हाच जातो जेव्हा १४ दिवस त्या नंबरशी काहीच बोलणं झालेलं नसतं. म्हणजे काकूंनी आता दिवसाला शंभर हॅलो टाकले तरी फोन गप्प राहणार. इथेच सगळे फसतात, एकदा चाललं म्हणून ट्रायल घेत बसतात आणि मग वाटतं बिघडलं. स्वागत तपासायला दर वेळी ज्याने दुकानाशी कधी बोलणं केलेलं नाही असा नंबर लागतो. शेजारच्या स्टेशनरीवाल्याचा घ्या.

बंदचा मेसेज मात्र फोनवरूनच जातो आणि त्या वेळी फोनला नेट चालू पाहिजे. तुमचा फोन गल्ल्यात नेटशिवाय पडलाय, तुमची एक टिक तेच सांगत होती, मेसेज फोनपर्यंत पोचलाच नव्हता. पोचला सकाळी, आणि तेव्हा दुकान उघडं, मग बंदचा मेसेज कशाला जाईल. नेट असतं तरी तुम्हाला सोमवारी गेला नसता कारण तुम्ही सेव्ह आहात, म्हणजे एकाच जागी दोन कुलपं होती.

निळीटिक

असं कसं, माझ्या दुकानात फोन बंद करून बघितलंय, कॉम्प्युटरवर मेसेज येतात. दोन टिकाही होतात. मी खोटं बोलतोय का?

चावीवाला

खोटं नाही, अर्धं. मेसेज कॉम्प्युटरवर येतो, तिथून तुम्ही हाताने उत्तरही देऊ शकता, आणि जोडलेल्या कुठल्याही डिव्हाइसवर पोचला की दोन टिका होतात. पण बंदचा मेसेज पाठवणं हे काम फोनचं आहे. म्हणजे तुमच्याकडे उलट वाईट होतं, गिऱ्हाइकाला दोन टिका दिसतात, त्याला वाटतं पोचलं, आणि उत्तर काही नाही. आज रात्री फोन बंद करून, कॉम्प्युटर चालू ठेवून, सेव्ह नसलेल्या नंबरवरून टाकून बघा.

निळीटिक

बघतो. 🙄

काउंटरमागची

मी मालक नाही, मी दुकानात कामाला आहे, भांड्यांच्या, कोल्हापूरला. मला एक सांगायचंय. आमच्या शेठनी लावलेला स्वागताचा मेसेज होता “नमस्कार! आमच्या दुकानात आपले स्वागत आहे. आम्ही आपली काय सेवा करू शकतो?” आता बघा, बाईने आधीच लिहिलंय “तीन लिटरचा कुकर आहे का आणि किती”. त्यावर आम्ही विचारतो काय सेवा करू. ती परत तेच लिहिते, चिडून. मग मी बघते, मग विचारते की इंडक्शनचा का साधा, आतल्या झाकणाचा का बाहेरच्या. एवढ्यात अर्धा तास गेला. हा मेसेज कायम गिऱ्हाइकाच्या मेसेजनंतर जातो हे शेठच्या लक्षातच आलं नव्हतं, दुकानात शिरताना म्हणतात तसं स्वागत समजून लिहिलेलं.

मी त्यांना सांगून बदलून घेतलं. आता त्यात विचारतो तेच जे आम्हाला उत्तर द्यायला लागतंच: किती माणसांचं घर, गॅस का इंडक्शन, साधारण किती बजेट. बाईने दुसरा मेसेज टाकला की मी सरळ फोटो पाठवते. गणवेशात तर हे अजून सोपं असेल, शाळा, इयत्ता, उंची.

गणवेशवाला

ताई हे शंभर टक्के पटलं. आमचं पण “काय सेवा करू” च होतं, नेटवरून उचललेलं. आणि आमच्याकडे तर “२८ आहे का” ला उत्तरच नसतं कारण प्रत्येक शाळेचा रंग वेगळा. काकू रोज पन्नास वेळा टाइप करतात “कोणती शाळा?”

जुनागिऱ्हाईक

गिऱ्हाईक म्हणून बोलतो. या मेसेजांचा मला भयंकर राग आहे. मिक्सर दुरुस्तीवाल्याला विचारलं, एका सेकंदात आलं “आपला संदेश आमच्यासाठी मौल्यवान आहे, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल”. प्रतिनिधी म्हणजे तोच एकटा, मला माहीत आहे. दोन दिवस साधला नाही. काही आलंच नसतं तर मी फोन तरी केला असता. उत्तर आलंय म्हणून वाट बघत बसलो. त्यापेक्षा नका लावू.

मसालेवाली_अलिबाग

काका असं नाही, लावायचा पण त्यात वेळ लिहायची. “लवकरच” लिहू नये, “उद्या सकाळी १० नंतर” लिहावं. आणि मी तर स्वागतातच सगळं रेटकार्ड टाकते, चाळीस मसाले किलोच्या भावासकट, एका दगडात काम.

काउंटरमागची

ताई चाळीस भाव म्हणजे तो मेसेज अर्ध्यात कापला जातो आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं, किती जणी दाबतात? आणि भाव बदलला की तो बदलायची आठवण कोणाला?

मसालेवाली_अलिबाग

दाबतात गं. माझ्या दाबतात. भाव बदलायला विसरते हे मात्र खरं, मागच्या महिन्यात खोबरं जुन्या भावाने द्यावं लागलं 😅 पण मी बदलणार नाही, मला रोज तेच तेच लिहायचा कंटाळा आहे.

चिपळूणकर_किराणा

बंदच्या मेसेजवर आमचा किस्सा. गणपतीत आम्ही पाच दिवस बंद ठेवतो. भाच्याने मेसेज लावला “गणेशोत्सवानिमित्त दुकान बंद आहे” आणि Schedule मध्ये ठेवलं Always send. मोदक खाऊन आम्ही परत आलो, दुकान उघडलं, काउंटरवर मी बसलोय आणि एकेकाला मेसेज जातोय की बंद आहे. चार दिवस विक्री का मंदावली कळेना. मग एक बाई दारात येऊन म्हणाली, अहो उघडं आहे की, तुमचा मेसेज आला बंदचा, मी बाजूने जात होते म्हणून दिसलं.

पुढच्या वर्षी शहाणपण केलं, Custom schedule लावला, सुरुवातीची तारीख-वेळ आणि शेवटची तारीख-वेळ. ते बरोबर थांबलं. पण मग दुसरंच झालं, रात्रीचा रोजचा बंद मेसेज जो जायचा तो दिवाळीपर्यंत गेलाच नाही.

चावीवाला

कारण बंदचा मेसेज एकच असतो आणि त्याचं वेळापत्रकही एकच. सणासाठी Custom schedule निवडलात की रोजचं Outside of business hours सुटलं. तारीख संपली की मेसेज गप्प बसतो, आपोआप जुन्यावर परत जात नाही. आणि हे Custom schedule रोजचं नाही हेही पोरांना सांगा, कित्येक जण त्यात रात्री ९ ते सकाळी १० टाकतात आणि समजतात की रोज जाईल. ते त्या एका रात्रीपुरतं. रोजचं हवं तर Outside of business hours च, आणि ते चालायला आधी प्रोफाइलमध्ये दुकानाच्या वेळा भरलेल्या लागतात.

मी दुकानदारांना गल्ल्याच्या आत कागद चिकटवायला सांगतो: सणाआधी जुना मजकूर कुठेतरी कॉपी करून ठेव, सण झाला की मजकूर आणि वेळापत्रक दोन्ही परत फिरव. कागद पाहिजेच, कारण लावणारा एक असतो आणि काढणारा दुसरा.

शेवगाठ

म्हणजे पुठ्ठ्याची “दुकान बंद आहे” पाटी जी आम्ही उलटी करायला विसरायचो तीच आता फोनमध्ये गेली.

गणवेशवाला

काल परत धडा घेतला. काय केलं ते लिहितो, चुकलं तर झोडपा.

आधी वेळा भरल्या. मंगळवार ते रविवार सकाळी १० ते १:३० आणि ४ ते ८:३०, दिवसाला दोन तुकडे टाकता आले. सोमवार बंद. हे धाकट्याकडून करून घेतलं, मी फोनला हात लावला नाही.

मग Recipients दोन्हीकडे बदलून Everyone except केलं आणि वगळायला नातेवाईक, सुरतची पार्टी, शिलाईवाले असे बावीस नंबर निवडले. काकूंनी हे केलं आणि करताना त्यांनाच सापडलं की आमच्या कॉन्टॅक्टमध्ये “४थी ब आई”, “रोहनचे पप्पा निळा शर्ट” अशी चारशेच्या वर गिऱ्हाइकं सेव्ह आहेत, म्हणजे आत्तापर्यंत जी सगळ्यात जुनी गिऱ्हाइकं त्यांनाच काही जात नव्हतं.

मजकूर तिघांनी मिळून लिहिला. स्वागत: “नमस्कार. लगेच बघून सांगतो. तोपर्यंत एवढं कळवा: शाळेचं नाव, इयत्ता, मुलगा की मुलगी, आणि मागच्या वर्षीचा नंबर किंवा उंची-कंबर इंचात.” बंद: “दुकान आत्ता बंद आहे. वेळ १० ते १:३० आणि ४ ते ८:३०, सोमवार बंद. शाळा, इयत्ता आणि नंबर लिहून ठेवा, उघडल्यावर आधी तुमचंच बघतो.” थोरल्याने “आधी तुमचंच” काढायला लावलं, म्हणाला सगळ्यांनाच तसं सांगितलं तर भांडणं होतील. काढलं.

तपासताना चावीवाल्यांचं ऐकून स्टेशनरीवाल्याचा फोन आणला, स्वागत आलं. बंदसाठी रात्रीपर्यंत कोण थांबणार म्हणून दुपारी पाचला धाकट्याने आजची संध्याकाळची वेळ ४ ते ४:३० केली आणि टाकून बघितलं, बंदचा मेसेज आला. तेवढ्यात एका खऱ्या बाईंनाही गेला 🤦 त्यांना फोन करून सांगितलं या, उघडं आहे.

चावीवाला

झकास. फक्त ट्रायल घेताना Recipients मध्ये तात्पुरतं Only send to करून एकच नंबर ठेवायचा, मग खरी गिऱ्हाइकं सापडत नाहीत. तो नंबर आधी सेव्ह करावा लागेल. आणि वेळ परत ८:३० केली ना?

गणवेशवाला

...आत्ता केली. म्हणजे कालची सगळी संध्याकाळ दुकान उघडं आणि मेसेज बंदचा. धन्यवाद 😭

अजून एक, जूनच्या पंधरवड्यात आम्ही दुपारीही उघडं ठेवतो आणि सोमवारीही. तेव्हा वेळा बदलायच्या ना?

चावीवाला

हो, प्रोफाइलमधल्या वेळाच बदला आणि मजकुरातल्या पण. नुसता मजकूर बदलला तर दुपारी दोनला “बंद” जाईल, नुसत्या वेळा बदलल्या तर रात्री चुकीची वेळ सांगेल. ही गोष्ट दोन जागी लिहिलेली आहे एवढं काकूंच्या डोक्यात बसवा, त्या सांभाळतील असं दिसतंय.

जुनागिऱ्हाईक

आणि रात्रीचा फोन? मेन स्विचचं काय झालं?

गणवेशवाला

वडिलांनी मेन चालू ठेवायला साफ नकार दिला, राउटरपुरतं वेगळं बटण काढू म्हटलं तर आधी नीट वायरमन बघ म्हणाले. सध्या महिन्याचा डेटा पॅक मारला, फोन पूर्ण चार्ज करून गल्ल्यात. पहिल्या रात्री सात जणांना मेसेज गेला. दुसऱ्या रात्री एकालाही नाही, सकाळी बघितलं तर बॅटरी सेव्हर लागलेला आणि मेसेज सगळे सकाळी उघडल्यावर आलेले. आता तो काढलाय. फोन घरी न्यावा असा एक विचार आहे पण मग मी अकरा वाजता उत्तरं देत बसेन हे बायकोने आत्ताच सांगून टाकलंय.

मसालेवाली_अलिबाग

नवीन माणसाने रात्री पहिल्यांदाच मेसेज केला तर दोन्ही जातात का? स्वागत आणि बंद? माझ्या जावेला दोन्ही आले असं ती म्हणते, मला खात्री नाही.

काउंटरमागची

दोन्ही गेले तरी वाचायला विचित्र वाटू नये असं लिहा म्हणजे झालं. गणवेशवाल्यांचं स्वागत “लगेच बघून सांगतो” म्हणतंय आणि खाली “दुकान बंद आहे”, ते एकापाठोपाठ आले तर हसू होईल.

गणवेशवाला

अरे देवा. “लगेच” काढतो. आज रात्री पानपट्टीवाल्याच्या फोनवरून बघतो काय येतं ते, स्टेशनरीवाला आता संपला, त्याला १४ दिवस थांबावं लागेल.

निळीटिक

बघितलं काल. फोन बंद, कॉम्प्युटर चालू. दोन टिका, मेसेज नाही गेला. ठीक आहे.

चिटणीस_बी_विंग

वॉचमनला व्हॉट्सअॅप बिझनेस टाकून द्यावं का?